बॅग भरणार तू, उघडणार आई

*सिस्टर, मला ३४वा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. बाळंतपणाला निफाडजवळ माहेरी आले आहे. नाव इथल्या सरकारी दवाखान्यात घातलंय, गरज पडली तर नाशिकला पाठवतील म्हणाले. तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. सोबत आई राहील. तिला शुगर आहे, आणि मोबाइलवर फोन घेण्या-करण्यापलीकडे तिला काही जमत नाही. नवरा पुण्यात, कळा सुरू झाल्या की निघेल. मैत्रिणींनी पाठवलेल्या याद्या एकत्र केल्या तर साठ-सत्तर वस्तू होतात. आई म्हणते, चार दुपटी आणि एक चादर, बास. नेमकं काय न्यायचं? आणि माझं, बाळाचं, आईचं सामान वेगळं ठेवायचं का?*

वेगळंच ठेव. तीन पिशव्या कर आणि तिन्ही तीन रंगांच्या घे, म्हणजे फोनवरूनही "लाल पिशवीत बघ" एवढं सांगितलं की भागेल. एकच मोठी ट्रॉली बॅग अजिबात नको. ती वॉर्डात खाटेखाली मावत नाही, आणि ती उघडायची म्हणजे जमिनीवर पसारा मांडावा लागतो.

वेगळं ठेवण्याचं खरं कारण असं की बॅग भरतेस तू, पण ऐन वेळी ती उघडणार तुझी आई. तू तेव्हा आत टेबलावर असशील, तुला कुणी विचारायला येणार नाही. प्रसूती विभागात हे रोज दिसतं. लेबर रूमचं दार अर्धं उघडतं, सिस्टर डोकं बाहेर काढून "बाळाचे कपडे द्या" म्हणते, आणि बाकावरच्या आजीबाई अख्खी बॅग उपडी करतात. आधी शाल निघते, मग चिवड्याचं पाकीट, फणी, चार्जर, आणि झबली सगळ्यात खाली, त्यातल्या एकाला किमतीची चिठ्ठी अजून टाचलेली. त्यामुळे कोणती वस्तू कोणाची, एवढाच विचार करून भागत नाही. ती कधी मागतील, कोण मागेल आणि आईच्या हाताला ती किती पटकन लागेल, हे बघून पिशव्या भर.

भरायच्या आधी एक काम कर. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा बाहेरच्या ओपीडीत न विचारता थेट लेबर रूमच्या सिस्टरला तीन गोष्टी विचार. आत जाताना अंगावर दवाखान्याचा गाऊन देता की आमचा चालतो? बाळाला पुसायला-गुंडाळायला कपडा तुमचा की आमचा? रात्री बाईमाणूस किती आणि पुरुषमाणूस कुठे थांबू शकतो? प्रत्येक दवाखान्याची रीत वेगळी असते आणि या तीन उत्तरांवर अर्धी यादी ठरते. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधं, सलाइन, हातमोजे, टाक्यांचा दोरा, तपासण्या, गरज पडली तर रक्त आणि सिझरसुद्धा मोफत असतं. नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत बाळंतिणीचं जेवणही त्यातच. तेव्हा कुणाच्या यादीत "हातमोजे, ब्लेड, कॉर्ड क्लॅम्प" असं काही असेल तर ते खोडून टाक.

बाळाची पिशवी

ही सगळ्यात लहान, पण सगळ्यात नीट भरायची. कपडे सुटे ठेवू नकोस, जोड्या लाव. एका पारदर्शक पिशवीत एक जोडी: समोरून बंदांचं सुती झबलं, टोपडं, लंगोट, पायमोजे आणि एक दुपटं. अशा तीन-चार जोड्या पुरतात. आईने एक पिशवी उचलून दारात द्यायची, शोधाशोध नाही.

पहिली पिशवी मात्र वेगळी भर आणि तिच्यावर जाड पेनाने "पहिली" असं लिही. तिच्यात एक जोडी आणि वर दोन जास्तीची मऊ, कोरडी, मोठी सुती कापडं. दोन अशासाठी की बाळ जन्मतं तेव्हा ओलं असतं. एका कापडाने ते खसखसून पुसतात आणि ते ओलं कापड लगेच बाजूला टाकतात. दुसऱ्या कोरड्या कापडाने पांघरतात. एकच कापड असेल तर बाळ त्याच ओल्यात राहतं आणि दहा मिनिटांत गार पडतं. तुझी तारीख जानेवारीतली, आणि निफाडची थंडी तुला मी सांगायला नको. बाळ रडलं आणि ठीक असलं की ते उघडंच तुझ्या छातीवर ठेवून वरून दोघांना पांघरतील. त्या तासाभरात पहिलं दूधही पाजून घेतील. सगळ्यात चांगली ऊब तीच. तेव्हा कपडे लगेच घातले नाहीत म्हणून आईने बाहेर काळजी करू नये, हे तिला आधीच सांगून ठेव.

जन्मतः बाळाच्या अंगावर पांढरा लेप असतो. तो घासून काढायचा नसतो आणि पहिली अंघोळही किमान २४ तासांनंतरच. म्हणून बेबी सोप, शाम्पू, तेल, पावडर यातलं काहीच या पिशवीत नको.

कपडे नवे असोत की जुने, वापरण्याआधी एकदा साध्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून, कडक उन्हात वाळव. नव्या कापडाला खळ असते. आपल्याकडे जुन्या लुगड्याची दुपटी वापरतात ते मला फार पटतं, धुऊन धुऊन कापड मऊ झालेलं असतं. फक्त ती दुपटी कुठे ठेवलेली होती ते विचार. ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून वर्षानुवर्षं ठेवलेले कपडे बाळाला घालू नकोस. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी डांबरगोळीतल्या नॅप्थलीनने फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. तुझ्या बाळाला ही कमतरता आहे का, हे आधी कुणालाच माहीत नसतं. भावाची लहानपणची अंगडी-टोपडी आई प्रेमाने काढेल, पण त्यांना तो वास येत असेल तर ती बारशाच्या फोटोपुरतीही नकोत.

हातमोजे-पायमोजे उलटे करून आतले लोंबणारे धागे कात्रीने कापून टाक. तो धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला तर बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. खरं तर वॉर्डात हातमोज्यांची गरजच नसते. बाळ हात तोंडाकडे नेतं ते भुकेची खूण म्हणून, आणि मोज्यात ती खूण झाकली जाते. टोपड्याचे बंद हनुवटीखाली गाठ मारण्याइतके लांब नकोत. स्वेटर एक ने, लोकरीचा असेल तर आत सुती झबलं हवंच. कुंची डिस्चार्जच्या दिवशी बाहेर पडताना घालायला ठेव.

बाळ गार पडलंय की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. हाताची पालथी बाजू आधी पोटाला आणि मग तळपायाला लावायची. दोन्ही कोमट, तर ठीक. पोट कोमट पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. लगेच छातीशी घ्यायचं, वरून पांघरायचं. पोट आणि पाय दोन्ही गार, तर सिस्टरला हाक मारायची, वाट बघायची नाही. हे आईला घरीच दाखवून ठेव. गरम पाण्याची पिशवी मात्र बाळाजवळ ठेवायची नाही, नवजात कातडी भाजायला वेळ लागत नाही. ती पिशवी नेऊच नकोस म्हणजे झालं.

लंगोट डझनभर घे, आणि नवजात मापाच्या डायपरचं छोटं पाकीट. दोन्ही का? पहिल्या दिवशी बाळाला शी-शू झाली का आणि कधी, हे डॉक्टर विचारतात. लंगोट ओला झाला की लगेच कळतं. डायपरमध्ये पहिली थोडीशी शू जिरून जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून दिवसा लंगोट, रात्री डायपर. थंडीत वॉर्डात लंगोट वाळतही नाहीत, तेव्हा धुवायचा हट्ट न धरता वापरलेले एका पिशवीत घालून घरी पाठवायचे. पहिले दोन-तीन दिवस शी काळपट हिरवी आणि चिकट असते, ती बघून घाबरायचं नाही. त्यासाठी कापसाचा रोल आणि एक छोटं भांडं ने. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसलं की पुरे. डायपर लावताना नाळ बाहेर राहील असा तो खाली दुमडायचा. नाळेवर काहीही लावायचं नाही.

आता या पिशवीतून काय काढायचं ते. दुधाची बाटली, पावडरीचा डबा, मध, गुळाचं पाणी, घुटी, काजळ, टाल्कम पावडर. बाटली आणि पावडर "असू दे अडीअडचणीला" म्हणून ठेवतात, आणि जवळ असली की पहिल्याच रात्री बाळ रडल्यावर ती निघते. पहिल्या दोन दिवसांचं चिकाचं दूध चमचाभरच येतं आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. त्याऐवजी एक स्टीलची छोटी वाटी आणि चमचा उकळून, स्वच्छ डब्यात घालून ने. बाळाला ओढायला जमलं नाही तर तुझंच दूध काढून वाटी-चमच्याने पाजता येतं, सिस्टर शिकवतील. काळा दोरा बांधायचाच असेल तर गळ्यात नको, आणि मनगटावर दवाखान्याची पट्टी असते तिच्या खाली-वर नको.

तुझी पिशवी

या पिशवीत आणखी एक छोटी पिशवी कर, लेबर रूममध्ये तुझ्यासोबत जाईल एवढीच. पुढून उघडणारा एक गाऊन, पॅडचं एक पाकीट, न घसरणाऱ्या रबरी चपला, केस बांधायला कापडी रबर, पाण्याची झाकणाची बाटली आणि दोन-तीन स्ट्रॉ. आडवं पडून कळा देताना पेल्यातलं पाणी अंगावर सांडतं, स्ट्रॉने घोट घोट पिता येतं. काय प्यायचं, किती प्यायचं ते आत सांगतील तसं. ठरवून सिझर असेल तर उपाशी राहायच्या वेळा डॉक्टर देतील, त्या कागदावर लिहून घे.

बाकीची पिशवी दोन दिवसांची भर. पुढून उघडणारे आणखी दोन-तीन गाऊन, गडद रंगाचे. पॅड साधे पातळ नकोत. बाळंतपणाचे लांब, जाड, कापसाचे मिळतात ते दोन पाकिटं घे. पहिल्या दिवशी अंगावरून बरंच जातं, दर तीन-चार तासांनी बदलावं लागतं. मात्र एक अख्खं पॅड तासाच्या आत भिजलं, किंवा मोठ्या गाठी पडल्या, तर पॅड फेकून न देता सिस्टरला दाखवायचं. आई "बाळंतपणात जातंच" म्हणेल. तिचं ऐकू नकोस.

चड्ड्या पाच-सहा, नेहमीपेक्षा एक माप मोठ्या, बेंबीपर्यंत येणाऱ्या. सिझर झालं तर टाका ओटीपोटावर खाली, आडवा असतो. नेहमीच्या चड्डीचं इलॅस्टिक, परकराची आणि सलवारची नाडी नेमकी त्याच्यावरच येते. म्हणून साडी, पंजाबी ड्रेस वॉर्डात नकोतच. घरी जातानाही गाऊन आणि वरून शाल. दोन फीडिंग ब्रा, तार नसलेल्या. दूध ओघळतं त्यासाठी चार सुती रुमाल. कानाला स्कार्फ, एक स्वेटर, दोन जोडी मोजे, कारण दवाखान्याची फरशी पहाटे फार गार असते. टूथब्रश, साबण, फणी, टॉवेल. आणि एक छोटा मग. टाके असतील तर शू करताना वरून कोमट पाणी सोडलं की आग होत नाही.

थायरॉइडची, बीपीची किंवा रोजची कोणतीही गोळी चालू असेल तर तिची पट्टी पिशवीत टाक आणि आत गेल्या गेल्या सिस्टरला सांग. चष्मा असेल तर चष्मा ने, लेन्स नको.

निघण्याआधी अंगावरून काय उतरवायचं, हे कुठल्याच यादीत नसतं. ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या, जोडवी, नथ, मंगळसूत्र, अंगठ्या सगळं घरी. सिझरची वेळ आली तर ऑपरेशनला विजेवर चालणारं यंत्र वापरतात, अंगावर धातू चालत नाही. ऐन घाईत, कळांच्या मध्ये, सुजलेल्या बोटातून अंगठी निघत नाही म्हणून साबण लावत बसलेल्या सासूबाई आणि बाहेर थांबलेला वॉर्डबॉय हे दृश्य नवं नाही. नवव्या महिन्यात बोटं सुजतात, तेव्हा अंगठी आजच काढून ठेव. मंगळसूत्र काढायला घरच्यांचं मन होत नसेल तर दोऱ्यात ओवलेला मणी चालतो का ते सिस्टरना विचार. नेलपॉलिश पुसून टाक आणि बोटांच्या टोकांना मेंदी काढू नकोस. रक्तातला ऑक्सिजन मोजायची चिमटी बोटाला लावतात, गडद रंगाने तिचा आकडा चुकू शकतो.

प्रवासासाठी गाडीत एक मेणकापड, त्यावर जुनी चादर, आणि एक टॉवेल. वाटेत पाणी गेलं तर घड्याळ बघून वेळ लक्षात ठेव आणि पांढरं पॅड लाव. गाऊन गडद, पण पॅड पांढरंच, म्हणजे पाण्याचा रंग कळतो. हिरवट किंवा काळपट दिसलं तर बाळाने पोटात शी केलेली असते. दारातच ते सिस्टरला सांगायचं.

आईची पिशवी

सगळ्यात दुर्लक्षित पिशवी हीच, आणि दोन रात्री जागी राहणार ती आईच. तिची गोष्ट आधी शुगरपासून. गोळ्या किंवा इन्सुलिन, किती वाजता काय ते मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद, आणि जेवणाचा डबा वेळेवर कुणी आणायचा हे आजच ठरव. लेक आत असताना आई जेवत नाही, पण गोळी मात्र आठवणीने घेते. मग बाकावर बसल्या बसल्या घाम फुटतो, हात थरथरतात, आणि एका पेशंटचे दोन होतात. तिच्या कमरेच्या पिशवीत साखरेच्या गोळ्या किंवा लिमलेटच्या गोळ्या ठेव. असं झालं की आधी चार गोळ्या चघळायच्या, मग पोटभर काहीतरी खायचं. सोबत खारे शेंगदाणे, फुटाणे, दशमी. डिंकाचे लाडू पहिल्या दिवसासाठी नकोत, सिझर झालं तर ते तुला लगेच चालणारही नाहीत.

तिला झोपायला सतरंजी, पांघरायला रग आणि डोक्याखाली घ्यायला चादरीची घडी. सोबतिणीला खाट मिळेलच असं नाही. दोन जोडी कपडे, स्वेटर, चपला, गरम पाण्याचा थर्मास, ताट-वाटी-पेला, हात धुवायचा साबण. बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने हात धुवायचे, आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा. सांगायचं काम आईचं. डास असतील तर मच्छरदाणी. अगरबत्ती, कॉइल वॉर्डात नको.

कागदांची फाइल याच पिशवीत, कारण कागद विचारतात ते बाहेर. माता व बालसंरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट, तुझं आणि नवऱ्याचं आधार, रेशन कार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. जननी सुरक्षा योजना लागू असेल तर पैसे खात्यावरच येतात, म्हणून पासबुक. मूळ कागद कुणाला द्यायचे नाहीत, दाखवून परत घ्यायचे. फाइलच्या पहिल्या पानावर एक कोरा कागद लाव आणि त्यावर मोठ्या अक्षरात: तुझं नाव, रक्तगट, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, आणि पाच फोन नंबर. नवरा, भाऊ, आशाताई, गाडीवाला, डबा देणारी शेजारीण. मोबाइल बंद पडला तरी हा कागद चालतो. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो लाल पेनाने लिही. बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर तुला ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन लागतं, आणि नाशिकला पाठवायच्या गडबडीत ते राहून जाता कामा नये.

नावाचा एक घोळ आताच मिटव. कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि दवाखान्याच्या रजिस्टरवर घाईत सांगितलेलं तिसरंच, असं झालं की जन्माच्या दाखल्यात आईचं नाव चुकतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागतो, त्यामुळे नंतर दुरुस्त करत बसणं महागात पडतं. आधारवर जे स्पेलिंग आहे तेच आईला कागदावर लिहून दे. "नाव सांगा" म्हणाले की तिने तोंडी न सांगता तो कागद पुढे करायचा. बाळाच्या नावाची घाई नाही, ते १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं.

त्याच फाइलमध्ये वही आणि पेन. जन्मवेळ, वजन, पहिलं दूध, पहिली शू, पहिली शी, हे पाच आकडे आईने लिहायचे. पत्रिकेसाठी वेळ लागतेच, ती आतल्या घड्याळावरून सिस्टरला विचारून घ्यायची, बाहेरच्या कुणाच्या मनगटावरून नको. बाळ हातात आलं की त्याच्या पट्टीवरचं नाव आणि तुझ्या पट्टीवरचं नाव जुळतं का ते बघायचं. घरी निघण्याआधी बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हेपॅटायटिस बीची लस दिल्याची नोंद कार्डावर झाली का, ते वाचून घ्यायचं. आईला वाचायला चष्मा लागत असेल तर तो चष्मा सगळ्यात वर.

पैसे: दवाखान्यात फारसे लागणार नाहीत, पण रात्री चहा, रिक्षा, बाहेरची एखादी वस्तू यासाठी दोन-तीन हजार रोख, शंभर-पन्नासच्या नोटांत. आई मोबाइलवरून पैसे देत नाही म्हणालीस ना, म्हणून. लांब वायरचा चार्जर हवाच. प्लग नेहमी खाटेपासून दूर, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला असतो.

नाशिकला पाठवलं तर

तुझ्या बाबतीत हा भाग मुद्दाम लिहिते. रेफर करताना पाच मिनिटांत गाडी निघते. तेव्हा तिन्ही पिशव्या उचलायला दोन हात पुरले पाहिजेत, म्हणून प्रत्येकीला खांद्याला लावायचा पट्टा हवा. काही राहिलंच तर तुझी पिशवी राहू दे. फाइल आणि बाळाची "पहिली" पिशवी गाडीत चढलीच पाहिजे. रेफरची चिठ्ठी आणि तिथे दिलेल्या इंजेक्शनांची नोंद फाइलमध्ये गेली का, ते आईने गाडी सुटण्याआधी बघायचं. इथून तिथे न्यायला गाडी दवाखानाच देतो. घरून निघताना मात्र १०२ ला फोन कर, गरोदर बाईला ती गाडी मोफत आहे.

सिझर झालं तर मुक्काम चार-पाच दिवसांवर जातो. त्यासाठी आजच पिशव्या फुगवू नकोस. चौथी पिशवी भरून घरी कपाटात ठेव: तीन गाऊन, पॅडचं एक पाकीट, बाळाच्या चार जोड्या, डझनभर लंगोट, आईचे दोन जोडी कपडे. ती नवऱ्याने पुण्याहून आल्यावर घरून उचलायची. त्याला ती आत्ताच दाखवून ठेव, नाहीतर रात्री दोन वाजता "कपाटात म्हणजे कुठल्या?" असा फोन येईल, आणि तो फोन घ्यायला तू मोकळी नसशील.

३६वा आठवडा लागायच्या आत सगळं भरून दाराशी ठेव. जुळं असतं किंवा बीपी वाढलेलं असतं तर मी आजच भर म्हटलं असतं. भरून झालं की आईला समोर बसव आणि तू सिस्टर हो. "बाळाचे कपडे द्या." "सोनोग्राफीचा रिपोर्ट द्या." "एक पॅड द्या." तिला जी वस्तू पटकन सापडली नाही, तिची जागा बदल. तिने एखादी वस्तू स्वतःच्या सोयीने दुसऱ्या पिशवीत टाकली तर टाकू दे, यादी आपली असली तरी हात तिचे आहेत. आणि तिच्या त्या चार दुपट्यांना नाही म्हणू नकोस, मी वर जवळपास तेवढीच सांगितली आहेत.